पेल्यापलीकडची अक्षरं

ताई गेली त्याला वर्ष होत आलं. तिच्याबद्दल लिहायला मी अनेकदा बसलो, आणि दर वेळी तिच्याआधी तो दवाखान्याचा गुलाबी कागद आठवला. बहीण आठवायची तर आधी तो कागद समोर यावा, याची मला अजून किळस येते. पण त्याला वळसा घालता येत नाही असं दिसतं. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

मी अमरावतीला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो. ताई माझ्याहून मोठी, अकोल्यात दिलेली. भाऊजी पुरोहित. जुन्या वस्तीत त्यांचं मोठं नाव होतं, विशेषतः उपासांच्या बाबतीत. कोणत्या उपासाला काय चालतं हे विचारायला बायका त्यांना फोन करत. भगर चालते, हळद नाही. जिरं चालतं, मोहरी नाही. दूध तर सगळ्यालाच चालतं, आणि तीर्थाने उपास मोडत नाही. ही उत्तरं ते जेवता जेवता देत, आणि समोरच्या माणसाला त्याबद्दल कधी शंका राहत नसे.

ताईला शौचावाटे रक्त जाऊ लागलं. तिने ते बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघावं लागेल, गाठ असेल तर तुकडा काढून तपासावा लागेल, त्यावर ऑपरेशन ठरेल. दुर्बिणीसाठी आतडं धुतल्यासारखं स्वच्छ हवं आणि भूल द्यायची म्हणून पोट रिकामं हवं. ते कसं करायचं याचा कागद काउंटरवर मिळेल.

तो हा कागद. त्यावर काय होतं ते मला तोंडपाठ आहे. 'आंत्र तयारी सूचना. रुग्णाने प्रक्रियेपूर्वी एक दिवस उपवास ठेवणे. स्पष्ट द्रव घेण्यास अनुमती आहे. द्रावणाचा पहिला भाग संध्याकाळी व दुसरा भाग पहाटे घेणे. मध्यरात्रीनंतर तोंडाने काहीही नाही.' खाली एक हसरी बाई, हातात फळांची टोपली. आतडी धुण्याच्या कागदावर फळांची टोपली कुणाला सुचली असेल, देव जाणे.

मी तेव्हा अमरावतीत होतो. फोनवर ताईने कागद वाचून दाखवला. मी म्हटलं, दवाखान्यात विचारून घ्या. भाऊजींनी विचारलंही. काउंटरवरची बाई म्हणाली, "त्यात लिवलं आहे न सगळं, काका." मग भाऊजींनी घरी चष्मा लावला आणि त्या कागदाचा अर्थ लावला. त्यांनी आयुष्यभर तेच काम केलं होतं.

उपवास म्हटलं की काय, हे त्यांना सांगायला कुणाची गरज नव्हती. आदल्या दिवशी सकाळी ताईने साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दाण्याचं कूट घालून. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी. मधे दोनदा दूध. संध्याकाळी औषधाचं पाणी अर्धं प्यायली आणि रात्रभर संडासच्या वाऱ्या केल्या. पहाटेचा दुसरा भाग मात्र घेतला नाही, कारण मध्यरात्रीनंतर तोंडाने काहीही नाही. दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध होती. त्यातलं जे कडक, ते पाळायचं, हा भाऊजींचा जन्माचा नियम. निघताना त्यांनी पूजा केली आणि पंचामृत दिलं. नेहमी पळीभर देतात. त्या दिवशी ताई भुकेने आणि जुलाबांनी गळून गेली होती, म्हणून वाटीभर दिलं. तीर्थच ते. त्याने काही मोडत नाही.

दवाखान्यात विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं का?" दोघंही म्हणाले, "नाई." दोघांनीही खोटं सांगितलं नव्हतं.

मी सकाळच्या एसटीने निघालो होतो. पोचलो तेव्हा ताई आत होती आणि भाऊजी बाहेर बाकावर, पंच्याने तोंड पुसत. त्या व्हरांड्याचा वास माझ्या नाकातून गेला नाही. फिनेल, त्याखाली घाण, आणि त्या दोन्हींवर कुणीतरी फवारलेलं मोगऱ्याचं अत्तर. कोपऱ्यात कुंडी होती, तिच्यात खर्र्याच्या, तंबाखू-सुपारीच्या पिचकाऱ्या. बाजूच्या संडासाला कडी नव्हती. एक माणूस आत होता आणि त्याची बायको बाहेरून दार ओढून उभी होती, दुसऱ्या हातात त्याच्या तपासणीची फाइल.

थोड्या वेळाने भूल देणाऱ्या डॉक्टर बाई बाहेर आल्या. तरुण नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्यांच्या बाहीवर पांढरा डाग होता. त्यांनी भाऊजींना विचारलं, "काका, सकाळी काय दिलं होतं?"

"काई नाई."

"दही-दूध?"

"नाई न."

"मग तुळशीचं पान कुठून आलं?"

भाऊजी म्हणाले, "ते तीर्थ होय."

बाईंनी हातमोजे काढले. मग मला म्हणाल्या, "तुम्ही कोण? तुम्ही इकडे या."

झालं होतं ते असं. झोपेचं इंजेक्शन दिलं, दुर्बीण थोडी आत गेली आणि भिंगावर राड आली. दाण्याची सालं, तपकिरी गाळ. धुऊन बघितलं तरी पुढे काही दिसेना. दुर्बीण काढत होते तेवढ्यात ताईला उलटी झाली. फुटलेलं दूध, तूप, मध. ताबडतोब तिला कुशीवर केलं, नळीने ओढून काढलं. नळीच्या तोंडाशी तुळशीचं पान अडकलं, त्यावरून तीर्थाचं कळलं. थोडं जरी श्वासात गेलं असतं तर फुप्फुस बिघडलं असतं. एक दिवस ठेवून घेऊ, छातीचा फोटो काढू, असं बाई म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवलं. ते माझ्या बहिणीच्या आतलं होतं आणि मला ते बघायचं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं, आणि हे?"

मी कागद पुढे केला. "डॉक्टर, हे कुणी लिहिलं?"

"आमच्याकडे इंग्रजी होतं. स्टाफने मोबाईलवर टाकून मराठी काढून घेतलं."

"कुणी वाचून बघितलं?"

"आमचे पेशंट वाचत नाहीत हो," ते म्हणाले, आणि घड्याळ बघितलं.

मला त्या वेळी राग यायला हवा होता, पण आली ती किळस. पडद्यावरच्या चित्राची कमी आणि त्या वाक्याची जास्त. माझी बहीण वाचत होती. माझे भाऊजी शब्द न् शब्द वाचत होते. एवढ्या निष्ठेने वाचणारी माणसं त्या कागदाला पुन्हा मिळणार नव्हती.

संध्याकाळी ताई शुद्धीवर, नाकात ऑक्सिजनची नळी. ओठांच्या कडेला वाळलेलं काहीतरी होतं, ते मी ओल्या रुमालाने पुसलं. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "झालं का?"

"नाही. परत करावं लागेल."

तिने नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाली, "एकडाव अजून करीन. तिसऱ्यान मले कोणी म्हणू नोका. मी येणार नाई. गाठ राहू दे पोटात, मले हे होत नाई भाऊ."

ती बोलली ते करणारी बाई होती. म्हणजे आता एकच खेप उरली होती. ती वाया गेली तर गाठ काय आहे हे कुणाला कळणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फुप्फुस ठीक असल्याचं सांगून तिला सोडलं. पुढची तारीख सोमवारची. मी भूलतज्ज्ञ बाईंची वाट बघत त्यांच्या खोलीबाहेर बसलो. आत बोलावलं तेव्हा म्हणालो, "मला तो कागद नीट लिहू द्या. मला वैद्यकातलं कळत नाही. तुम्ही सांगा, मी विचारत जातो."

आधी मी दोन ठिकाणी विचारून आलो होतो. काउंटरवर म्हणाले, बारा तास काही नाही. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, सहा तास. बाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "जेवणाचे तास वेगळे आणि पाण्याचे वेगळे, हेच कुणी सांगत नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध मात्र पोटात जाऊन जेवणच होतं, त्याला सहा तास लागतात. आणि तुमच्या बहिणीला तर आदला पूर्ण दिवस दूध नकोच, आतडं साफ व्हायचंय."

"म्हणजे अकराची वेळ असेल तर नऊपर्यंत पाणी."

"हो. पण आधीचा पेशंट आला नाही तर नंबर लवकर लागतो. आठ लिहा."

"आणि 'मध्यरात्रीनंतर काही नाही' हे?"

"ते काढा. पहाटेचं औषध घेतलंच पाहिजे. त्यानेच साफ होतं."

"स्पष्ट द्रव म्हणजे काय?"

त्या हसल्या. टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून त्यांनी माझ्या पिशवीतल्या वर्तमानपत्रासमोर धरला. "अक्षरं वाचता येतात? मग चालेल. नाही येत, तर नाही."

एवढं साधं होतं. एक पेला आणि एक वर्तमानपत्र. ते कागदावर यायला माझ्या बहिणीला उलटी होऊन मरणाच्या दारापर्यंत जावं लागलं.

मी ताईकडेच राहिलो आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलं. 'उपवास' हा शब्द कुठेही ठेवला नाही. 'आदल्या दिवशी' असंही लिहिलं नाही, वार लिहिले. रात्रीचे बारा कुणाच्या हिशेबात आजचे असतात आणि कुणाच्या हिशेबात उद्याचे. भाऊजींच्या पंचांगात तर दिवस सूर्योदयाला सुरू होतो. म्हणून प्रत्येक ओळीला वार, पहाट किंवा संध्याकाळ, आणि घड्याळातली वेळ. लिहून झालं ते असं होतं:

'शुक्रवार आणि शनिवार: मऊ भात, वरणाचं गाळलेलं पाणी. शेंगदाणे, तीळ, पालेभाजी, भाकरी, बियांची फळं नकोत.

रविवारी उठल्यापासून: अन्न नाही. फक्त पुढे दिलेली पेयं. साधं पाणी, मीठ-साखरेचं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, मलई नसलेलं नारळपाणी, दूध न घातलेला गाळलेला चहा. काचेच्या पेल्यात ओता, मागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली तर प्या. लाल रंगाचं सरबत नको, ते आत रक्तासारखं दिसतं.

उपासाचे पदार्थ चालत नाहीत. साबुदाणा, भगर, राजगिरा, दाणे, रताळं, दूध, दही, ताक नाही. पंचामृत आणि प्रसाद नाही.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता: औषधाचं पाणी, एक लिटर, दर पंधरा मिनिटांनी एक पेला.

सोमवारी पहाटे पाच वाजता: राहिलेलं एक लिटर, तसंच. हे चुकवू नका. शेवटी शौच लघवीसारखं पिवळं, पाण्यासारखं व्हायला हवं. त्यात गाळ असेल तर निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करा.

सोमवारी सकाळी आठ वाजता: पाणी पिणं बंद. त्यानंतर एक घोटही नाही.

पोट फुगलं, उलट्या झाल्या किंवा वारा सरणं बंद झालं तर औषध लगेच थांबवा आणि फोन करा. रोजच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा.'

बाईंनी ते वाचून दोन शब्द बदलले आणि खाली सही केली. मी ताईला वाचून दाखवलं आणि म्हटलं, आता न बघता तू मला सांग.

"परीक्षा घेऊन राहिला का?"

"हो."

तिने सांगितलं, सगळं बरोबर. मग म्हणाली, "भाऊ, जन्मभर पोरांले निबंध लिवायले लावले, अन् आता मायी हागवण लिवून राहिला." आणि हसली. ती त्या आठवड्यात हसली ती एवढ्यावरच.

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी कागद वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "मास्तर, तीर्थाले तुमी ताकाच्या रांगेत बसवलं."

"पोटात गेल्यावर रांग एकच असते, भाऊजी."

"लोकं काय म्हणतील? पुरोहिताच्या घरी असा कागद."

"हा कागद घरापुरता नाही. दवाखाना छापणार आहे."

"मंग तर वाईटच," ते म्हणाले. पण कागद त्यांनी स्वतः स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. खळ लावून, चारही कोपरे दाबून.

रविवारचा दिवस मला लिहायला नको वाटतो. औषधाचं पाणी खारट आणि बुळबुळीत, लिंबाच्या खोट्या वासाचं. चौथ्या पेल्याला ताईला ओकारी आली. ती म्हणाली, "शेंबूड पिल्यासारखं लागते." मी पेला तिच्या हातात देत राहिलो. घराच्या संडासात पाणी साचू लागलं, चादर दोनदा बदलावी लागली, माझे हात साबणाने धुऊनही वास जात नव्हता. तिला माझी लाज वाटत होती आणि मला तिच्या लाजेची. लहानपणी तिनेच मला धुतलं असेल, पण त्याची आठवण माझ्याजवळ नाही. ही मात्र आहे. म्हाताऱ्या भावंडांमध्ये असं काही व्हायला नको. झालं, तर निदान फुकट जायला नको, एवढाच विचार मी धरून होतो. शेजारीण विचारपूस करायला आली ती दुधाचा चहा घेऊन. भाऊजींनी कपाकडे बघितलं, मग दाराकडे बोट केलं आणि म्हणाले, "त्यातून अक्षरं दिसत नाईत." शेजारणीला काही कळलं नाही. चहा तिने स्वतः पिऊन टाकला.

सोमवारी पहाटेचं औषध झालं. साडेसातच्या सुमाराला ताईने संडासातून हाक मारली, "भाऊ, पाह्य बरं." मी जाऊन बघितलं. पिवळसर पाणी, तळ दिसणारं. आयुष्यात इतक्या समाधानाने मी इतकी घाणेरडी गोष्ट बघितली नाही.

निघायची तयारी झाली. रिक्षा दारात होती. भाऊजी देवघरातून आले. हातात पळी नव्हती, काचेचा छोटा पेला होता. त्यात तळाशी घोटभर पाणी. दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. त्यांनी पेल्यामागे पेपर धरला आणि मला म्हणाले, "नुसतं पाणी हाय. तुळस काढली. दूध नाई, काई नाई. वाचून पाहा."

मी वाचलं. अक्षरं स्वच्छ दिसत होती.

ताईने पेल्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आठ वाजून गेले," ती म्हणाली.

नऊपर्यंत चालतं हे मला माहीत होतं. पण कागदावर आठ होतं, आणि एकदा घोटभराला सूट दिली की वाटीला किती वेळ लागतो ते आम्ही पाहिलं होतं. मी ताईची पिशवी उचलली. भाऊजींनी पेला खाली केला. त्यांनी ते पाणी अंगणातल्या तुळशीत ओतलं आणि रिक्षात येऊन बसले.

नंबर खरंच लवकर लागला, दहाच्या आधीच. दुर्बीण शेवटपर्यंत गेली. गाठ दिसली, तुकडा निघाला. मोठे डॉक्टर म्हणाले, "प्रेपरेशन एक नंबर." जणू काही त्यांनीच केलं होतं.

बाहेर आलो तेव्हा काउंटरवर अकोटकडून आलेलं एक कुटुंब होतं, म्हातारा आणि त्याची सून. बाईने त्यांच्या हातात कागद दिला. गुलाबी. टोपलीवाली हसरी बाई. मी विचारलं, नवा लिहून दिला होता त्याचं काय झालं?

"तो सरांकडे आहे, काका. जुने छापून पडले आहेत न हजारभर. ते संपले की."

मी त्या सुनेला बाजूला नेलं आणि पिशवीतली माझी प्रत दिली. वेळा तिच्या तारखेप्रमाणे सिस्टरकडून बदलून घे, असं सांगितलं. ती वाचू लागली. मी परत काउंटरशी गेलो नाही. तिथे आणखी थांबलो असतो तर मला ओकारी आली असती.

तुकड्याचा रिपोर्ट आला, जो येणार असं वाटत होतं तोच. ऑपरेशन झालं, नीट झालं. पण रोग यकृतात पोचलेला होता. ताईला त्यानंतर काही महिने मिळाले. त्यातले थोडे बरे होते. त्यात तिने दाण्याचं कूट घातलेली खिचडी खाल्ली, मुद्दाम, माझ्यासमोर.

शेवटच्या दुपारी मी अकोल्यातच होतो. तिचा श्वास थांबत थांबत येत होता. डॉक्टर येऊन गेले होते, आता काही करायचं नाही म्हणाले होते. दाराला तो कागद अजून होता, खळीने घट्ट बसलेला. भाऊजी देवघरातून आले. या वेळी हातात पळी होती. तिच्यात पाणी आणि तुळशीचं पान. ते उशाशी बसले, पळी ताईच्या ओठांजवळ नेली आणि थांबले. असंख्य घरांत त्यांनी हे केलं होतं, कुणाला काही न विचारता. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मास्तर, आता चालते न?"

मी मान हलवून हो म्हटलं.